गंभीर नाटकातला विनोदी मामा: काढायचा की ठेवायचा?

प्रश्न: मी एक दोन अंकी नाटक लिहिलं आहे. वडील व्हेंटिलेटरवर आहेत, तीन भावंडं अतिदक्षता विभागाबाहेर बसली आहेत आणि व्हेंटिलेटर काढायचा की नाही हे त्यांना ठरवायचं आहे. ताण असह्य होऊ नये म्हणून एक विनोदी मामा घातला. तो आला की हशा येतो, पण वाचनाला आलेले सगळे म्हणाले की मामा गेल्यावर नाटक पुन्हा चढत नाही. एकाने तर मामा काढूनच टाक म्हणून सांगितलं. काढू का? नाहीतर मग विनोद ठेवून गांभीर्य टिकवायचं कसं? मामाचे तिन्ही प्रवेश सोबत जोडले आहेत.

उत्तर:

मामा काढू नका. तिसरा प्रवेश मात्र काढा, दुसरा जवळजवळ नव्याने लिहा आणि पहिल्यात एक वस्तू पेरा. का ते सांगतो.

वाचनाला आलेल्यांनी दुखणं बरोबर सांगितलं, निदान चुकलं. हसण्यामुळे नाटक उतरत नाही. हसताना प्रेक्षकाच्या मनातून काय निसटलं, त्यावर ते ठरतं. तुमच्या दुसऱ्या प्रवेशात मामा चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी पोचल्याचा किस्सा सांगतो. किस्सा चांगला आहे, मीही हसलो. पण मग पेन्सिल घेऊन मोजलं. त्या अडीच पानांत एकही पात्र आतल्या दाराकडे बघत नाही. दार उघडत नाही, कोणी बाहेर येत नाही, कोणाला हाक येत नाही. अडीच पानं म्हणजे रंगमंचावरची चारेक मिनिटं, आणि तेवढा वेळ तुमचे वडील आजारीच नाहीत! मामा गेल्यावर तुम्ही त्यांना पुन्हा आजारी पाडायला बघता. प्रेक्षक तसा फुकट परत येत नाही.

याचा सगळ्यात जुना आणि नेमका धडा ‘मॅकबेथ’मध्ये आहे. दुसऱ्या अंकात राजाचा खून होतो, नवराबायकोचे हात रक्ताने माखलेले आहेत आणि किल्ल्याच्या दारावर थाप पडते. पुढचा प्रवेश दारवानाचा. तो रात्रभर प्यायलेला. आपण नरकाच्या दारावरचे पहारेकरी आहोत अशी कल्पना करून तो येणाऱ्या पापी माणसांची यादी करत बसतो आणि दार काही लवकर उघडत नाही. कोलरिजसारख्या समीक्षकाला हा प्रवेश इतका खटकला की शेक्सपिअरने तो लिहिलाच नसावा, गर्दीला खूश करायला दुसऱ्या कोणीतरी लिहिला असावा, असं त्याचं मत झालं. पण रंगमंचावर तो बसवून पाहा. दारवान बडबडत असताना थाप थांबत नाही. तो एक वाक्य बोलतो, थाप. दुसरं बोलतो, थाप. आपण हसतो आणि त्याच वेळी मनात म्हणतो, अरे उघड, नाहीतर नकोच उघडू, आत प्रेत आहे. विनोद सुरू असताना घड्याळ चालूच आहे, उलट त्याचा आवाज वाढला आहे. (एक रोकडा हिशेबही आहे: मॅकबेथला हात धुऊन कपडे बदलायला वेळ हवा. विनोदी प्रवेशांचा जन्म पुष्कळदा अशा सोयीतून होतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.)

तेव्हा तुमच्या नाटकातली थाप कोणती, ते आधी शोधा. मला ती संहितेत दिसते, फक्त मामा आला की तुम्ही ती बंद करता. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला नर्स दार उघडून आडनाव पुकारते आणि तिघंही उठतात, पण हाक दुसऱ्याच कुटुंबासाठी असते. ही तुमची थाप. मामाच्या प्रवेशात ती दोनदा आणा. पहिल्यांदा मामा बोलता बोलता थांबतो, आडनाव आपलं नाही हे ऐकतो आणि वाक्य पुरं करतो. दुसऱ्यांदा आडनाव तुमचंच असतं. हाक मामाच्या विनोदाच्या मधोमध येऊ द्या, विनोद संपल्यावर नको. अर्धवट राहिलेलं हसू घशात अडकतं, आणि गंभीर नाटकात हशाचं सोनं होतं ते तिथेच.

दुसरी अडचण मामाच्या स्वभावात आहे. तुमच्या मामाला आपण विनोदी आहोत हे माहीत आहे. तो डॉक्टरांची नक्कल करतो, मग भाच्यांकडे बघतो, आणि धाकटी हसते. ही धाकटीची हसण्याची सूचना आधी पुसा. रंगमंचावरचं माणूस हसलं की प्रेक्षकाला सुट्टी मिळते. तिथे बसलेल्यांनाच एवढं काही वाटत नाही तर आपण कशाला जीव टांगणीला लावायचा, असा तो हिशेब करतो. शब्दांत नसेल करत, पण करतो. गंभीर कथेतलं विनोदी पात्र स्वतःपुरतं अत्यंत गंभीर असावं लागतं. त्याची काळजी खरी असते, फक्त तिचं माप चुकलेलं असतं.

तुमच्या पहिल्या प्रवेशात याचं बीज आहेच. मामा प्रतीक्षागृहातल्या एकुलत्या एक चार्जिंग पॉइंटसाठी परक्या माणसाशी भांडतो. त्या प्रवेशाला वाचनात सगळ्यात मोठा हशा मिळाला असणार, आणि त्या हशाने नाटक उतरलंही नसणार. कारण मामा तिथे विनोद करत नाही, लढतो आहे. आत मेहुणा मरणाच्या दारात आहे, त्याबाबत त्याला काहीही करता येत नाही. प्लगबाबत येतं. म्हणून तो सगळा जीव त्या प्लगवर ओततो. प्रेक्षक प्लगला हसतो आणि नकळत त्याची असहायता पाहतो. नक्कल करणारा मामा मात्र या मामाचा कोणी लागत नाही. तो आयत्या वेळी भाड्याने आणलेला वाटतो.

आता पेरणीकडे येतो. माझ्या मते खरं उत्तर इथे आहे आणि त्यासाठी ‘मृच्छकटिक’इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यातला मैत्रेय हा चारुदत्ताचा मित्र आणि नाटकाचा विदूषक. तिसऱ्या अंकात चारुदत्ताची प्रेयसी वसंतसेना हिने ठेव म्हणून दिलेली दागिन्यांची पेटी रात्री सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर येते. तो कुरकुरत ती घेऊन झोपतो. शर्विलक भिंतीला भोक पाडून आत येतो. हा चोरही गमतीचा आहे, भोक कोणत्या आकाराचं पाडावं याचं तो शास्त्र सांगतो आणि मापाची दोरी विसरला म्हणून जानव्याने माप घेतो. इकडे मैत्रेय झोपेत बरळतो. आपण चारुदत्ताशी बोलतो आहोत अशा समजुतीत पेटी घे म्हणून शपथ घालतो, आणि शर्विलक ती घेतो. सकाळी हाच मैत्रेय ऐटीत म्हणतो की तू मला नेहमी मूर्ख म्हणतोस, पण पेटी तुझ्या हाती दिली हे किती बरं केलं. प्रेक्षक खो खो हसतो.

आता नवव्या अंकात या. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ आहे, न्यायालय भरलं आहे. मधल्या काळात तिने चारुदत्ताच्या मुलाला सोन्याच्या गाडीसाठी दागिने दिलेले असतात, आणि ते परत करायला चारुदत्ताने मैत्रेयालाच पाठवलेलं असतं. वाटेत मित्रावरच्या आरोपाची बातमी कळते, तसा तो दागिन्यांसकट न्यायालयात येतो. आळ घेणाऱ्या शकाराशी त्याची बाचाबाची होते, मग झटापट, आणि काखेतले दागिने सगळ्यांसमोर जमिनीवर पडतात. खुनाचा पुरावा मिळाला. चारुदत्ताच्या गळ्यात मृत्यू पडतो तो त्याच्या सगळ्यात निष्ठावान मित्राच्या हातून.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. माणूस तोच, त्याच बाईचे दागिने, आणि त्याच्याच्याने पुन्हा सांभाळले जात नाहीत. तिसऱ्या अंकात या वेंधळेपणाला आपण हसलो म्हणून नवव्या अंकात तो योगायोग वाटत नाही. मैत्रेयाकडून हेच होणार, हे आपल्याला आधीच माहीत आहे, फक्त तेव्हा ते गमतीचं होतं. हसताना प्रेक्षक बेसावध असतो, आणि त्या बेसावधपणात तुम्ही त्याच्या खिशात एक वस्तू सरकवता. ती जड आहे हे त्याला फार उशिरा कळतं. पुरावा शकाराच्या नोकराने आणला असता तर कथानक तेवढंच पुढे गेलं असतं, पण पोटात खड्डा पडला नसता.

तुमच्या मामाला अशी वस्तू द्या. पहिल्या प्रवेशात तो खिशातून एक वही काढून प्लगवाल्या माणसाने किती वाजता प्लग सोडायचं कबूल केलं ते लिहून घेतो, असं तुमच्याकडे एका ओळीत येऊन गेलं आहे. ती ओळ मोठी करा. मामा सगळं तारीख-वेळ टाकून लिहितो. कोण किती वाजता आलं, डॉक्टर काय म्हणाले, लिफ्ट कितीदा बंद पडली. भाचे कंटाळतात, थोरला एकदा खेकसतो. प्रेक्षक या वहीला तीन-चारदा हसला की ती त्याच्या ओळखीची झाली.

मग दुसऱ्या अंकात डॉक्टर विचारतात, त्यांनी याबाबत स्वतःची इच्छा कधी कोणाजवळ बोलून दाखवली होती का? तिघं एकमेकांकडे बघतात. मामा वही काढतो. इथे प्रेक्षक सवयीने हसण्याच्या बेतात असतो, त्याला तसं असू द्या.

इथे एक धोका आहे, तोही सांगतो. वहीत जर स्पष्ट उत्तर सापडलं तर तुमचं नाटक तिथे संपलं. निर्णय भावंडांनी घ्यायचा आहे, तो मामाच्या वहीने घेतला असं होईल. विनोदी पात्राच्या हातात कथानकाचा धागा असावा, पण गाठ सोडवायचं काम त्याचं नव्हे. मैत्रेय गाठ घट्ट करतो, म्हणून तो चालतो. तेव्हा वहीत दोन नोंदी असू द्या. दीड वर्षापूर्वीची एक: ‘भाऊजी म्हणाले, मला नळ्यांवर ठेवू नका.’ आणि चार महिन्यांपूर्वीची दुसरी: ‘भाऊजी म्हणाले, धाकटीचं बाळ बघितल्याशिवाय मी जात नाही.’ मामा दोन्ही त्याच सुरात वाचतो, तारीख आणि वेळेसकट, जशी लिफ्टची नोंद वाचली होती. आवाज जड करायचा नाही. तोच सूर, तीच वही, आणि प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. निर्णय आता आधीपेक्षा अवघड झाला, आणि तो अवघड केला तुमच्या विनोदी मामाने.

आता उरलं ते हशातून परत उतरण्याचं. याला प्रतिभा कमी आणि मोजमाप जास्त लागतं. हशा वर चढतो, टोकाला जातो आणि ओसरतो. हलक्याफुलक्या नाटकात नट पुढचं वाक्य ओसरतानाच उचलतो, म्हणजे लय तुटत नाही. गंभीर नाटकात मी शेवटच्या हशानंतर दोन-तीन कोरडी वाक्यं ठेवतो. त्यांत महत्त्वाचं काही नसतं, फक्त माहिती असते. किती वाजले, पाणी आणू का, तुझा फोन वाजतोय. हशानंतर लोक खुर्चीत सरकतात, खोकतात, शेजाऱ्याकडे बघतात. हे सगळं त्या कोरड्या वाक्यांवर उरकू द्यायचं. तुमच्या दुसऱ्या प्रवेशात मामाच्या किश्श्याचा पंच पडतो आणि थेट पुढच्या वाक्यात थोरला म्हणतो, ‘बाबांनी मला कधीच माफ केलं नाही.’ नाटकातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही खोकल्याच्या जागी ठेवलं आहे!

नव्या मांडणीत ते असं काहीसं होईल:

मामा: (वहीत लिहीत) अकरा वाजून दहा मिनिटं. लिफ्ट, तिसऱ्यांदा.
धाकटी: मामा, पुरे आता.
मधला: किती वाजले म्हणालास?
मामा: अकरा दहा.
मधला: म्हणजे आत नेऊन दोन तास झाले.
(दार उघडतं. नर्स दुसरंच आडनाव पुकारते. दार बंद होतं.)
थोरला: बाबांनी मला कधीच माफ केलं नाही.

यात विनोद फारसा नाही, पण हसू येतं. ‘अकरा दहा’ला दुसऱ्यांदा हलकं हसू येईल आणि ‘दोन तास’वर ते आपोआप विझेल. हसवणारा आकडा आणि घाबरवणारा आकडा एकच आहे. थोरल्याच्या वाक्याला आता शांतता मिळते, आणि ती तुम्ही मागितलेली नाही, दाराने दिलेली आहे.

तिसरा प्रवेश काढायला सांगतो त्याचं कारण वेगळं आहे. निर्णय झाल्यावर मामा पुन्हा एकदा हसवून जातो. तिथे प्रेक्षकाला सुटका नको असते. तुम्हाला हवी होती, कारण लिहिताना तुम्हीच दमला होतात. (मीही अशा जागी असंच केलं आहे, दोनदा.) विनोदी पात्र कधी थांबवायचं याचा नमुना ‘किंग लिअर’मध्ये आहे. तिसऱ्या अंकात राजा पुरता भ्रमिष्ट झाल्यावर त्याचा विदूषक नाटकातून नाहीसा होतो आणि तो पुन्हा दिसत नाही. शहाणपण वेडाच्या तोंडून ऐकवायचं काम आता राजाच करतो, मग विदूषकाला काम उरलं नाही. उलट टोकाचा उपाय करणारेही झाले. नेहम टेट या इंग्रज कवीने 1681 साली ‘लिअर’ची सुधारलेली आवृत्ती केली, तिचा शेवट गोड केला आणि विदूषक पूर्ण छाटला. पुढे दीडशेहून अधिक वर्षं लिअर विदूषकाशिवाय होत राहिला, 1838 साली मॅक्रेडी या नटाने त्याला रंगमंचावर परत आणलं. तुमच्या मामाला छाटा म्हणणारे मित्र टेटच्या परंपरेतले आहेत, एवढं त्यांना सांगा.

तेव्हा निर्णयानंतर मामा दिसू दे, पण बोलू नको. तो प्लगमधून चार्जर काढतो, वायर गुंडाळतो आणि पहिल्या प्रवेशात ज्याच्याशी भांडला त्या माणसाला तो पॉइंट रिकामा झाल्याची खूण करतो. कोणी हसलं तर हसू दे.

नटाविषयीही सावध राहा. ही भूमिका हसवणाऱ्या नावाजलेल्या नटाला देण्याचा मोह होईल. माझ्या एका नाटकात मी तो केला. पहिल्या प्रयोगाला चार मिनिटांचा असलेला प्रवेश विसाव्या प्रयोगाला सात मिनिटांवर गेला होता. प्रत्येक ॲडिशनला हशा मिळत होता, आणि मागे उभी असलेली नटी, जिचा मुलगा त्या कथेत हरवला होता, तिला सात मिनिटं करायला काही उरलं नव्हतं. दोष मी नटाला दिला, पण प्रवेशात थाप नव्हती हा दोष माझाच होता. थाप असती तर त्याला लांबवायला जागाच मिळाली नसती. त्यानंतर मी प्रयोगाला मागच्या रांगेत घड्याळ घेऊन बसतो, आणि विनोदी प्रवेश अर्ध्या मिनिटाने जरी वाढला तरी दुसऱ्या दिवशी तालीम लावतो.

पुढच्या वाचनाला एक करून बघा. मामाची वाक्यं गंभीर भूमिका करणाऱ्या नटाला द्या आणि हसवायचं नाही असं बजावा. तुम्ही स्वतः संहितेवर दोन खुणा करत जा: हशा कुठे आला, आणि त्यानंतर खोलीतली हालचाल पूर्ण थांबली ते वाक्य कोणतं. या दोन खुणांमध्ये चारपेक्षा जास्त वाक्यं जात असतील तर तो विनोद कितीही आवडता असला तरी त्याची जागा बदला. आणि सपाट वाचूनही जिथे हसू आलं, ती मामाची खरी वाक्यं. बाकीची नटाच्या भरवशावर लिहिलेली आहेत.